मालिका-बायबल आणि पिच डेक (मुलांची अ‍ॅनिमेशन मालिका)

अ‍ॅनिमेशन मालिकेतली पात्रं, त्यांचं जग, भागांच्या कल्पना आणि कथनाचा सूर पक्का करणारा दस्तऐवज म्हणजे मालिका-बायबल. पुढे येणारे लेखक, चित्रकार आणि दिग्दर्शक त्यावर काम करतात. त्याच सामग्रीतून निर्मात्याला किंवा वाहिनीला दाखवण्यासाठी काढलेली छोटी, चित्रप्रधान आवृत्ती म्हणजे पिच डेक. ती बहुधा दहा-पंधरा पानांची असते. डेक वाचणारा होकार देईल, पण मालिका चालते ती बायबलवर. म्हणून आधी बायबल लिहावं, डेक नंतर.

ग्रामीण विदर्भातली मालिका म्हटलं की पहिल्या खर्ड्यात कापूस, संत्री, बैलजोडी आणि हुरडा भराभर येतात. हे सगळं पार्श्वभूमीत शोभतं, पण त्यातून गोष्ट सुरू होत नाही. गोष्ट सुरू होते ती पात्राला काय हवं आहे आणि काय जमत नाही, यातून.

नमुन्यादाखल वर्धा जिल्ह्यातल्या एका काल्पनिक गावाची मालिका घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलं लाकडी नंदी सजवून मिरवतात. नंदीच्या पाटाला चार चाकं असतात आणि ओढायला दोरी. आठ वर्षांच्या इंदूचा नंदी जिवंत होतो, पण तिने दोरी हातात धरली तरच. तो स्वतःला खराखुरा बैल समजतो. त्याची चाकं मात्र घट्ट बसवलेली, त्यामुळे त्याला वळता येत नाही; तो फक्त सरळ जातो. इंदू उतावळी, तिला प्रत्येक ठिकाणी आडवाटेने जायचं असतं. ‘दोरी’ आणि ‘सरळ’ हे दोन नियम बायबलच्या पहिल्या पानांवर लिहायचे आणि एकाही भागात मोडायचे नाहीत. सोयीसाठी नंदी एकदा जरी वळला, तरी पुढच्या प्रत्येक अडचणीत मुलं विचारणार, मग आता का नाही वळत?

भागांच्या कल्पना तीन-चार ओळींच्या असतात आणि बायबल कच्चं असेल तर तिथेच कळतं. ‘इंदू स्वच्छतेचं महत्त्व शिकते’ ही कल्पना नव्हे. त्यात कुणाला काही हवं नाही आणि नंदीच्या जागी दुसरं खेळणं ठेवलं तरी काही बिघडत नाही. आता ही पाहा: आतेभावांपासून लपवायला इंदू नंदीला घरात साठवलेल्या कापसाच्या ढिगात पुरते. पहाटे तो कापूस जिनिंगला न्यायला ट्रॅक्टर येतो आणि नंदी ट्रॉलीच्या तळाशी जातो. चढावर ट्रॅक्टर थांबतो. फाळक्याच्या फटीतून दोरी लोंबताना दिसते, इंदू ती धरते आणि फाळका उघडताच नंदी कापसातून थेट बाहेर, उतारावरून सरळ गावात. ज्या उणिवेमुळे तो रोज अडतो, तिनेच तो सुटतो. अशा आठ-दहा कल्पना सुचल्या नाहीत, तर पात्रं बदलावीत. कल्पनांना ठिगळं लावत बसू नये.

सूर ‘विनोदी पण हळवा’ अशा विशेषणांनी कळत नाही. अर्ध्या पानाचा संवाद लिहावा:

‘काहून थांबला बे?’
‘मी नाई थांबलो. रस्ताच वयला.’

नंदीचा ताठा यात आहे आणि हिंदीत डब केलं तरी हसू टिकतं. वऱ्हाडी उच्चारावरच उभा असलेला विनोद मात्र दुसऱ्या भाषेत जाताना गळतो, म्हणून तो मधूनमधूनच वापरावा. गावच्या माणसाच्या बोलण्यालाच हसायचं, हा प्रकार तर पूर्ण टाळावा.

खर्चाचा विचारही बायबलमध्येच दिसायला हवा. अंगण, कापसाची खोली, गल्ली आणि शेताचा धुरा म्हणजे बांध, ही चार ठिकाणं पुन्हापुन्हा वापरता येतात. तान्ह्या पोळ्याची मिरवणूक म्हणजे गर्दी, आणि गर्दीतलं प्रत्येक मूल कुणाला तरी काढून हलवावं लागतं. तो भाग मालिकेत एकदाच ठेवावा. टूडीत कापसाचा ढीग एकसंध आकार म्हणून काढला तर स्वस्त पडतो, बोंडं सुटी उडवली की वेळ खातो.

डेकमध्ये यातलं मोजकंच जातं. पहिल्या पानावर एक चित्र आणि एक वाक्य: ‘फक्त सरळ जाणारा लाकडी नंदी आणि आडवाटेने जाणारी मुलगी.’ मग सगळी पात्रं एका ओळीत शेजारी उभी, म्हणजे उंची आणि आकार यांतला फरक दिसतो. ती काळ्या सावल्यांतही ओळखू आली नाहीत, तर रेखाटन पुन्हा करावं. त्यानंतर संवाद, दोन-तीन भाग आणि स्वरूप: टूडी, ६ ते ९ वर्षांची मुलं, २६ भाग, प्रत्येकी ११ मिनिटं. अर्ध्या तासाच्या जागेत असे दोन भाग जाहिरातींसह बसतात. भारतीय कायद्यात नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नाही, तो लिहिलेल्या मजकुराला आणि काढलेल्या चित्रांना मिळतो. त्यामुळे डेक पाठवण्याआधी बायबल आणि पात्रांची रेखाटनं पूर्ण करून तारखेसह जपून ठेवलेली बरी.