पहिल्या तपासणीचं रक्त: इंदुरात नाव नोंदवताना काय लागतं आणि रिपोर्टात काय बघायचं

पाळी चुकली, घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या की पुष्कळ घरांत ठरतं, "तीन महिने होऊ देत, मग दवाखान्यात जाऊ." मी इंदुरात बरीच वर्षं पॅथॉलॉजीच्या टेबलावर रक्त घेते, आणि माझं सांगणं याच्या अगदी उलट आहे: आठव्या-नवव्या आठवड्यातच या. का ते थॅलेसेमिया या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराशी आलं की कळेल.

सरकारी तपासणीसाठी पात्रतेची अट एकच, ती म्हणजे गर्भवती असणं. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वस्तीतलं संजीवनी क्लिनिक, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा मोठं सरकारी रुग्णालय, कुठेही नाव नोंदवता येतं, आणि आशाताईला सांगितलं तर ती सोबत येते. आधार कार्ड, मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी, बँकेचं पासबुक, मोबाइल आणि शेवटच्या पाळीची तारीख बरोबर ठेवा. आधीचं बाळंतपण किंवा गर्भपात झाला असेल तर ते कागदही आणा. नोंद झाली की मातृ-शिशु सुरक्षा कार्ड मिळतं. ते प्रसूतीपर्यंत जपायचं.

आपल्या मराठी घरांत खरी अडचण येते ती समग्रची. पुण्या-नागपूरहून लग्न होऊन आलेल्या सुनेचा समग्र आयडी नसतोच. उज्जैन-देवासची असेल तर तिचं नाव अजून माहेरच्या कुटुंबात असतं. आधारवर माहेरचं आडनाव आणि पासबुकावर सासरचं, हेही नेहमीचं. त्यामुळे गरोदरपणाच्या सरकारी योजनेचे पैसे अडू शकतात. रक्ततपासणी मात्र त्यासाठी थांबवू नका. आधी रक्त द्या, कागद मागून दुरुस्त होतात.

आणखी एक गैरसमज आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञ डॉक्टर मोफत तपासतात, म्हणून बायका त्या तारखेची वाट बघतात. ते शिबिर मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी आहे. पहिल्या रक्तासाठी कुठल्याही कामाच्या दिवशी जा, आणि उपाशी राहू नका.

टेबलावर एकाच टोचणीत दोन-तीन नळ्या भरतात. जांभळ्या झाकणाच्या नळीतून हिमोग्लोबिन आणि पेशींची मोजणी होते. बाकीच्यांतून रक्तगट, साखर, एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी.

हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की गरोदरपणातला अशक्तपणा धरतात, 7 च्या खाली गेलं तर तो गंभीर. पण रिपोर्ट तेवढ्यावर मिटवू नका. आकडा कमी आहे एवढंच हिमोग्लोबिन सांगतं, का कमी आहे ते सांगत नाही. त्यासाठी त्याच कागदावर खाली एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा आकार, आणि लाल पेशींची संख्या बघावी लागते.

गेल्या वर्षी सुदामानगरकडची एक मराठी मुलगी नवव्या आठवड्यात आली होती. हिमोग्लोबिन 10.1, एमसीव्ही 63, लाल पेशी 54 लाख. सासूबाई म्हणाल्या, "हिला लहानपणापासून रक्त कमीच आहे, गूळ-शेंगदाणे चालू केलेत." लोह कमी असतं तेव्हा पेशी लहान होतात खऱ्या, पण त्यांची संख्याही सहसा कमी भरते. इथे पेशी फारच लहान आणि संख्येने भरपूर होत्या. 54 लाख म्हणजे 5.4 दशलक्ष. एमसीव्हीला या आकड्याने भागलं, 63 भागिले 5.4, तर उत्तर 12 च्या आसपास येतं. 13 च्या खाली आलं की थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा. हा फक्त संशय असतो, निदान नव्हे.

निदानासाठी एचपीएलसी नावाची तपासणी करतात. त्यात हिमोग्लोबिन ए-टू मोजलं जातं. साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर ते वाढलेलं धरतात. तिचं आलं 5.3, म्हणजे ती बीटा थॅलेसेमियाची वाहक होती. वाहकाला आजार नसतो, फार तर सौम्य अशक्तपणा. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "पण हे तर सिंधी लोकांत असतं ना?" सिंधी समाजात प्रमाण जास्त आहे हे खरं. पण देशभरात सरासरी शंभरातले तीन-चार जण वाहक आहेत, आणि त्यांत मराठी माणसंही येतात.

एचपीएलसीत दोन ठिकाणी चूक होते. लोह फार कमी असेल तर ए-टू थोडं खाली येतं आणि वाहक असूनही आकडा सीमेवर राहतो. आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर नळीत दुसऱ्याचंही रक्त असतं. ते आम्हाला आधीच सांगा.

यानंतर नवऱ्याची तपासणी, आणि इथेच सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो. "मला काय झालंय?" म्हणून पुरुष येत नाहीत. नवरा वाहक नसेल तर बाळाला बीटा थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, होण्याची भीती राहत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते, आणि मेजर झालेल्या बाळाला जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. या मुलीचा नवरा दुसऱ्याच दिवशी आला. त्याचं ए-टू 5.1 निघालं.

दोघांच्या रक्तातला नेमका जनुकीय दोष शोधायला आठ-दहा दिवस गेले. बारावा आठवडा लागला तेव्हा वारेच्या पेशींचा नमुना घेतला. त्याआधी संमतीपत्रावर सही होते, आणि बाळाचं लिंग कायद्याने सांगितलं जात नाही. बाळ आईसारखंच वाहक निघालं. हीच मुलगी अठराव्या आठवड्यात आली असती तर गर्भजल काढावं लागलं असतं आणि रिपोर्ट येईपर्यंत विसावा आठवडा उलटला असता. कायद्यात 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. त्यानंतर 24 पर्यंत दोघांचं लागतं, तेही ठरावीक कारणांसाठीच. त्या जोडप्याला निर्णय घ्यावा लागला असता तर विचाराला वेळच उरला नसता.

हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी आईला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून घरचे तो बाजूला ठेवतात. धोका प्रसूतीच्या वेळी बाळाला लागण होण्याचा असतो, आणि नवजात बाळाला लागण झाली तर ती बहुतेक वेळा कायमची राहते. आईच्या रक्तात विषाणू किती आहे ते मोजतात आणि जास्त असेल तर सातव्या महिन्यापासून गोळी देतात. बाळाला जन्मतःच, शक्यतो 12 तासांच्या आत, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन अशी दोन वेगवेगळी इंजेक्शनं लागतात. लस दवाखान्यात असतेच. दुसरं इंजेक्शन महाग असतं आणि दर ठिकाणी तयार नसतं, म्हणून कुठे मिळेल ते आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. केवळ या कारणासाठी सिझेरियन लागत नाही, अंगावरचं दूधही पाजता येतं. सुरक्षा कार्डाच्या पहिल्या पानावर हा रिपोर्ट लाल पेनने लिहून घ्या. रात्री दोनला प्रसूती झाली तर ड्यूटीवरची नर्स तेच पान उघडते.