चाळणी आणि क्रमवारी : रेझ्युमे ‘रिजेक्ट’ होतो म्हणजे नेमकं काय होतं?

नोकरी न मिळालेला उमेदवार म्हणतो, ‘सॉफ्टवेअरनेच माझा रेझ्युमे उडवला, माणसाने बघितलासुद्धा नाही.’ त्यावर एचआरमधला माणूस म्हणतो, ‘आमचं सॉफ्टवेअर कोणालाही रिजेक्ट करत नाही, निर्णय माणूसच घेतो.’ हा वाद वर्षानुवर्षं असाच चाललाय आणि बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. फक्त एक जण चाळणीबद्दल बोलत असतो आणि दुसरा क्रमवारीबद्दल. या दोन गोष्टी एकच समजल्या जातात, आणि मग उमेदवाराला कोणते हक्क असावेत ही चर्चाही भरकटते.

चाळणी सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ती पटकन उरकतो. अर्ज भरताना प्रश्न येतात : लायसन्स आहे का, कामाचा परवाना आहे का, किमान पाच वर्षांचा अनुभव आहे का. ‘नाही’वर टिक केली की अर्ज बाद. नियम कंपनीतल्या कोणीतरी लिहिलेला असतो, सॉफ्टवेअर तो फक्त लावतं. नियम चुकीचा किंवा बेकायदा असू शकतो, पण तो सापडतो. चीनमधल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या ‘आयट्यूटरग्रुप’ या कंपनीचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या शिक्षकांपैकी ५५ आणि त्यावरील वयाच्या स्त्रियांचे आणि ६० आणि त्यावरील वयाच्या पुरुषांचे अर्ज आपोआप नाकारत होतं. एका उमेदवाराने तोच अर्ज फक्त जन्मतारीख अलीकडची टाकून पुन्हा पाठवला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने खटला भरला आणि २०२३ मध्ये कंपनीने ३,६५,००० डॉलर देऊन तडजोड केली. एकच गोष्ट बदलायची, निकाल उलटतो का ते पाहायचं : चाळणीचा दोष असा पकडता येतो.

क्रमवारीत हे जमत नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच.

क्रमवारी लावणारं सॉफ्टवेअर आधी रेझ्युमेचं विच्छेदन करतं : नाव, पदं, तारखा, कौशल्यं वेगवेगळ्या रकान्यांत भरतं. मग त्या मजकुराची जाहिरातीतल्या वर्णनाशी तुलना करून प्रत्येकाला गुण देतं. काही प्रणाली नुसते शब्द जुळवतात, काही अर्थाची जवळीक मोजतात, काही कंपनीने पूर्वी कोणाला घेतलं यावरून शिकतात. तिसऱ्या प्रकारचा धोका २०१८ मध्ये रॉयटर्सच्या बातमीने उघड केला. ॲमेझॉनने दहा वर्षांच्या रेझ्युमेंवर शिकवलेली एक प्रायोगिक प्रणाली, रेझ्युमेत ‘महिला’ हा शब्द आला, म्हणजे ‘महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार’ असं काही असलं, की गुण कमी करत होती. तसा नियम कोणीही लिहिला नव्हता. त्या दहा वर्षांतले बहुतेक रेझ्युमे पुरुषांचे होते, त्यातून ती ते शिकली. शेवटी कंपनीने तो प्रकल्प बंद केला.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. समजा एका जागेसाठी ९०० अर्ज आले. त्यातले १४० चाळणीत गेले. उरलेल्या ७६० जणांना गुण मिळाले आणि यादी गुणांप्रमाणे लागली. रिक्रूटरकडे असलेल्या वेळात तिने वरचे ६० उघडले, त्यातून ८ मुलाखतीला बोलावले, एकाला घेतलं. मग उरलेले सगळे एकदम सिलेक्ट करून ‘निवड झाली नाही’चं बटण दाबलं. तुम्ही २१४व्या क्रमांकावर होता. तुम्हाला मेल आला, ‘आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला.’

तुम्हाला कोणी रिजेक्ट केलं? सॉफ्टवेअरने नाही, त्याने फक्त २१४ हा क्रमांक दिला. रिक्रूटरने? बटण तिने दाबलं, पण तुमचा रेझ्युमे उघडलाच नाही. कंपनीला मात्र ‘निर्णय माणसाने घेतला’ असं सांगता येतं, आणि नोंदही तसंच दाखवते. ‘मशीनने नाकारू नये, शेवटचा निर्णय माणसाचा असावा’ एवढाच हक्क मागणाऱ्यांवर म्हणून माझा राग आहे. क्रमवारीच्या पद्धतीत तो हक्क कागदावर आधीच पाळला गेलेला असतो.

युरोपीय संघाच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातलं कलम २२ नेमकं याच जागी अडखळत होतं. ‘केवळ स्वयंचलित’ प्रक्रियेने घेतलेल्या मोठ्या परिणामाच्या निर्णयापासून ते संरक्षण देतं. एक माणूस मध्ये बसवला की ‘केवळ’ गळून पडतं, असा सोयीचा अर्थ लावला जायचा. ७ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने शुफा प्रकरणात हा मार्ग बराच अरुंद केला. शुफा ही जर्मनीतली पत ठरवणारी संस्था. कर्ज नाकारलं बँकेने, शुफाने फक्त गुण दिले होते. न्यायालय म्हणालं की पुढचा निर्णय घेणारा त्या गुणांवर मोठ्या प्रमाणात विसंबून असेल, तर गुण देणं हाच स्वयंचलित निर्णय. प्रकरण कर्जाचं आहे, नोकरीचं नाही. पण २१४व्या क्रमांकाला हाच तर्क लावायला हवा असं माझं ठाम मत आहे : जो रेझ्युमे उघडलाच गेला नाही, त्याच्या बाबतीत क्रमांकाखेरीज दुसरा आधारच नव्हता.

म्हणून नाकारलेल्या उमेदवाराला एकच हक्क द्यायचा झाला तर मी हा देईन : निर्णयाआधी माझा अर्ज एखाद्या माणसाने उघडला होता का, हे नोंदीसह कळण्याचा हक्क. कोणी, कधी आणि काय उघडलं याची नोंद ठेवणं भरतीच्या सॉफ्टवेअरला अवघड नाही, आणि ती उमेदवाराला दाखवल्याने कोणाचं व्यापारी गुपित फुटत नाही. पण त्या एका नोंदीवर ‘काळजीपूर्वक विचार’ हे शब्द खरे की खोटे ते ठरतं. मेल किती लवकर आला यावरून अंदाज बांधू नका. रात्री दोन वाजता नकार आला तर माणसाचा हात नसावा असं वाटतं, पण नकाराचे मेल मुद्दाम दोन-चार दिवस उशिरा सोडण्याची सोयही असते.

दुसरा हक्क स्पष्टीकरणाचा, आणि इथे लोक चुकीची गोष्ट मागतात : ‘मला माझे गुण सांगा.’ ७१ गुण मिळाले हे कळून काय करणार? क्रमवारीत तुमचा निकाल इतरांवरही अवलंबून असतो. तेच ७१ गुण एका जागेसाठी तिसरे असतील, दुसऱ्या जागेसाठी तीनशेवे. विचारायचं ते हे : माझ्या माहितीतली कोणती गोष्ट वेगळी असती तर मी उघडल्या गेलेल्या ६० जणांत आलो असतो? ही मागणी हवेतली नाही. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने ऑस्ट्रियातल्या डन अँड ब्रॅडस्ट्रीट या पत ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रकरणात सांगितलं की नुसतं सूत्र हातात देणं म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. कोणती माहिती कशी वापरली हे माणसाला समजलं पाहिजे, आणि माहिती बदलली असती तर निकाल किती बदलला असता हे सांगणं त्यासाठी पुरेसं ठरू शकतं. तिथला वादही मोबाइल कनेक्शन नाकारण्याचा, पण कसोटी भरतीला जशीच्या तशी लागू पडते. अशा उत्तरातूनच कळतं की दोन कॉलमचा रेझ्युमे सॉफ्टवेअरने आडवा वाचला आणि तुमचा सहा वर्षांचा अनुभव एका वर्षाचा झाला. मग दुरुस्तीचा हक्क वापरायला काहीतरी हाताशी येतं.

तिसरी गोष्ट एकट्या उमेदवाराला दिसूच शकत नाही, ती म्हणजे गटावर होणारा अन्याय. न्यूयॉर्क शहराने यासाठी स्थानिक कायदा १४४ केला, त्याची अंमलबजावणी ५ जुलै २०२३ पासून सुरू झाली. अशी प्रणाली वापरणाऱ्याने दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण करून निकाल जाहीर करायचे. हेतू उत्तम, पण मोजमापात एक मोठी फट आहे. गुण देणाऱ्या प्रणालीसाठी प्रत्येक गटातल्या किती जणांना मध्यकापेक्षा, म्हणजे यादीच्या बरोबर मधल्या गुणांपेक्षा, जास्त गुण मिळाले हे पाहिलं जातं.

वरच्याच ७६० जणांवर हे करून बघा. समजा ३०० स्त्रिया आणि ४६० पुरुष. मध्यकाच्या वर १४४ स्त्रिया, म्हणजे ४८ टक्के, आणि २३६ पुरुष, म्हणजे साधारण ५१ टक्के. स्त्रियांच्या प्रमाणाला पुरुषांच्या प्रमाणाने भागलं की गुणोत्तर ०.९४. अमेरिकेत १९७८ पासून धोक्याची खूण मानला जाणारा ०.८ चा उंबरठा यापेक्षा बराच खाली आहे, म्हणजे अहवाल स्वच्छ. आता रिक्रूटरने प्रत्यक्षात उघडलेले ६० पाहा. त्यात १८ स्त्रिया आणि ४२ पुरुष असतील तर प्रमाण ६ टक्के आणि ९.१ टक्के, गुणोत्तर ०.६६. तीच यादी, तेच गुण. क्रमवारीत नोकरी ठरते ती टोकाला आणि मोजमाप होतं मधोमध. ३८०व्या क्रमांकाच्या आसपास कोण आहे याने कोणालाही मुलाखत मिळत नाही. परीक्षण व्हायला हवं ते जिथे रिक्रूटर थांबली त्या रेषेवर, आणि त्यासाठीही पुन्हा ‘कोणते अर्ज उघडले’ हीच नोंद लागते.

रेझ्युमेत पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवण्याचे सल्ले आणि ‘सॉफ्टवेअरला आवडणारे’ विकतचे टेम्प्लेट यांबद्दल जास्त लिहीत नाही. लपवलेला मजकूर रकान्यांत भरला गेला की रिक्रूटरला साध्या अक्षरांत दिसतो, आणि साधा एका कॉलमचा रेझ्युमे फुकट बनतो.

ज्यांना जीडीपीआर लागू आहे त्यांनी नकार आल्यावर लगेच लिहावं, कारण कंपन्या उमेदवारांचा डेटा ठरावीक मुदतीनंतर पुसतात आणि त्याबरोबर नोंदीही जातात. कंपनीने साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यायचं असतं, गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन महिने घेता येतात. पत्रात चार ओळी पुरतात : माझा अर्ज नियमाने बाद झाला की क्रमवारीत मागे राहिला, नियमाने झाला असेल तर कोणत्या, क्रमवारीत असेल तर किती जणांत कितवा, कितव्या क्रमांकापर्यंतचे अर्ज उघडले आणि माझ्याबद्दलची कोणती माहिती वापरली, आणि माझ्या रेझ्युमेतून सॉफ्टवेअरने रकान्यांत काय भरलं त्याची प्रत. प्रत आली की सगळ्यात आधी तारखांचे रकाने तपासा.