देशाच्या वहीतली दोन पानं

‘चालू खात्यावरची तूट वाढली’ अशी बातमी आली की परकीय चलनाची गंगाजळी तेवढीच आटली, असं बरेच जण समजतात. 2012-13 मध्ये ही तूट 88 अब्ज डॉलरच्या आसपास, जीडीपीच्या 4.8 टक्के होती; तोवरची सर्वांत मोठी. तरीही त्याच वर्षी गंगाजळीत सुमारे 4 अब्ज डॉलरची भर पडली!

एक घर घ्या. पगार 40 हजार, दुबईतला मुलगा 5 हजार पाठवतो, खर्च 50 हजार. तूट 5 हजारांची. घरच्यांनी पतसंस्थेतून 6 हजार कर्ज काढलं, तर तूट भागून कपाटात हजार रुपये जास्तच पडतात. कमाई आणि खर्च हे चालू खातं. कर्ज, किंवा जमिनीचा तुकडा विकून आलेला पैसा, हे भांडवली खातं. कपाट म्हणजे गंगाजळी.

कुठली रक्कम कुठल्या पानावर जाते, हे ठरवणारा प्रश्न एकच: या पैशाच्या बदल्यात आपल्यावर देणं चढलं का, किंवा आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर गेली का? मुलाने आईला घरखर्चासाठी पाठवलेले पैसे परत करायचे नसतात, म्हणून ते चालू खात्यात. त्यानेच भारतीय बँकेत डॉलरची ठेव ठेवली तर बँक त्याची देणेकरी होते, म्हणून ती भांडवली खात्यात. कर्जाची मुद्दल भांडवली खात्यात, पण तिच्यावरचं व्याज दरवर्षी चालू खात्यातून जातं. म्हणजे आज तूट भागवणारं कर्ज उद्याची तूट थोडी वाढवतं. परदेशी गुंतवणुकीचा आकडा कमाईसारखा मिरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

सोन्याचा हिशेब मात्र घरच्यापेक्षा वेगळा. आपण त्याला बचत म्हणतो, पण देशाच्या वहीत आयात केलेलं सोनं माल म्हणून चालू खात्यातच खर्ची पडतं. 2012-13 मध्ये या आयातीवर 50 अब्ज डॉलरहून जास्त गेले.

तूट भरून निघाली होती, पण त्यातला बराच पैसा शेअर-रोख्यांतला, केव्हाही उठून जाऊ शकणारा होता. मे 2013 मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी रोखेखरेदी कमी करण्याचे संकेत दिले आणि तिकडचे व्याजदर वाढतील या अंदाजाने हा पैसा निघू लागला. ऑगस्टच्या अखेरीस डॉलर 68 रुपयांवर गेला. सरकारने सोन्यावरचं आयातशुल्क 10 टक्क्यांवर नेलं, म्हणजे खर्चाला चाप लावला. रिझर्व्ह बँकेने अनिवासी भारतीयांच्या किमान तीन वर्षांच्या डॉलर ठेवींसाठी बँकांना विनिमय दराची हमी स्वस्तात दिली. नोव्हेंबर अखेरपर्यंत या ठेवींतून सुमारे 26 अब्ज डॉलर आले. 2013-14 ची तूट 1.7 टक्क्यांवर उतरली. ठेवींची मुदत 2016 च्या शेवटच्या महिन्यांत भरली, तेव्हा ते डॉलर परत द्यावे लागले.