धोतऱ्याच्या धुरापासून घरातल्या नेब्युलायझरपर्यंत

लालबागला माझी आत्या राहते. वय अठ्ठ्याहत्तर, श्वासनलिका अरुंद होण्याचा सीओपीडी हा आजार जुना. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये सकाळी तिला चहा देताना सुनेच्या लक्षात आलं की आत्याची डाव्या डोळ्यातली बाहुली उजवीपेक्षा दुप्पट मोठी दिसतेय. मेंदूत रक्तस्राव झाला की बाहुली अशी मोठी होते, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. टॅक्सीने थेट हॉस्पिटल गाठलं. आत्या शुद्धीवर होती, नीट बोलत होती, हातपाय हलत होते. तरी स्कॅन झाला आणि त्यात काही निघालं नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "आजींना घरी मशीन लावता का? मास्क कुठून ढिला आहे?"

मास्क डाव्या नाकपुडीच्या बाजूने उचललेला असायचा आणि तिथून धुकं सरळ डोळ्यात जायचं. बाईंनी पायलोकार्पिनचा थेंब घातला, तरी बाहुली आकसली नाही. मज्जातंतूच्या बिघाडाने मोठी झालेली बाहुली या थेंबाने आकसते, पण औषधाने अडवलेली आकसत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डोळा पूर्ववत झाला. औषधाचे तुषार करून श्वासातून देणारं हे मशीन म्हणजे नेब्युलायझर. ते वापरण्याचे बहुतेक नियम अशाच चुकांतून आलेले आहेत, आणि या डोळ्याची गोष्ट सुरू होते ती धोतऱ्यापासून.

दम्यावर धोतऱ्याच्या वाळलेल्या पानांचा धूर ओढण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. १८०२ मध्ये जनरल जेंट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती मद्रासहून ब्रिटनमध्ये नेली. पुढे शतकभराहून अधिक काळ तिकडच्या औषधांच्या दुकानांत धोतऱ्याच्या 'दम्याच्या सिगारेटी' विकल्या जात. त्या धुराने छाती मोकळी व्हायची, कारण धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीन जातीची द्रव्यं असतात आणि ती श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल करतात. पण तीच द्रव्यं तोंड कोरडं पाडतात, नाडी वाढवतात, भ्रम आणतात आणि बाहुली मोठी करतात. धोतरा विषारी आहे. आज कोणी हा प्रयोग करू नये.

रसायनशास्त्रज्ञांनी पुढे अ‍ॅट्रोपीनच्या रेणूत बदल करून इप्राट्रोपियम बनवलं. ते फुप्फुसात काम करतं, पण रक्तात फारच कमी शिरतं, म्हणून भ्रम वगैरे सहसा होत नाही. १९७० च्या दशकात ते वापरात आलं. श्वासनलिका सैल करणारं दुसरं औषध, सॅल्ब्युटामॉल, १९६९ मध्ये आलं होतं. आज मुंबईतल्या कुठल्याही केमिस्टकडे मिळणाऱ्या जोड-औषधाच्या छोट्या प्लास्टिक कुपीत लेव्होसॅल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम एकत्र असतात. आत्याच्या डोळ्यात गेलं ते हेच. इप्राट्रोपियम रक्तातून डोळ्यापर्यंत पोचत नसलं, तरी थेट बुबुळावर पडलं की धोतऱ्यासारखंच वागतं. काचबिंदूच्या काही रुग्णांमध्ये तर त्याने डोळ्यातला दाब अचानक चढू शकतो. डोळा लाल होऊन दुखायला लागला, दिव्यांभोवती वलयं दिसू लागली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला हवं.

मशीनचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. आपण सगळे 'वाफ दिली', 'वाफ घेतली' म्हणतो, पण त्या मास्कमधून येते ती वाफ नव्हे, थंड तुषार असतात. १८५८ मध्ये पॅरिसमध्ये साल-जिराँ या डॉक्टरांनी हातपंपाचं यंत्र दाखवलं. त्यात पंपाच्या जोराने द्रवाची धार एका आडव्या तुकड्यावर आपटून फुटायची. पुढच्याच दशकात जर्मनीत झीगले यांचं यंत्र आलं, तेव्हा खरोखरच वाफेच्या जोराने औषध उडवलं जाई. आजच्या कॉम्प्रेसरच्या मशीनमध्ये जोर हवेचा असतो. कपाच्या तळाच्या बारीक भोकातून हवा सुसाट निघते, औषध वर ओढते आणि समोरच्या अडथळ्यावर आपटवते. मोठे थेंब परत कपात पडतात, सुमारे १ ते ५ मायक्रॉनचे बाहेर येतात. यापेक्षा मोठे थेंब घशातच बसतात, फुप्फुसात पोचत नाहीत.

'वाफ' या शब्दाने घराघरांत एक चूक रुजवली आहे. सर्दीच्या वाफाऱ्यात निलगिरी टाकतात म्हणून काही जण नेब्युलायझरच्या कपातही निलगिरीचे थेंब किंवा बाम टाकतात. वाफाऱ्यात तेलाचा वासच काय तो वर येतो. नेब्युलायझर मात्र तेलाचे कण करून फुप्फुसाच्या तळापर्यंत नेतो, आणि तेल आत साचलं की त्याचा न्यूमोनिया होऊ शकतो. या कपात डॉक्टरांनी लिहिलेलं नेब्युलायझरचं औषध आणि सलाइन, एवढंच जायला हवं.

सलाइनच का, यामागे १९८० च्या दशकातली एक गोष्ट आहे. इप्राट्रोपियमचं तेव्हाचं द्रावण देऊन काही दमेकऱ्यांची छाती मोकळी होण्याऐवजी आवळत असे. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं की द्रावणात मीठ शरीरापेक्षा कमी होतं, आणि अशा पातळ द्रावणाने दम्याच्या श्वासनलिका आकसतात. १९८७ मध्ये त्याच शहरातून दुसरं कारण पुढे आलं: बाटली टिकावी म्हणून घातलेली बेन्झाल्कोनियमसारखी रसायनंही श्वासनलिका आवळतात. रसायन नसलेल्या, मीठ बरोबर राखलेल्या, एकदाच वापरायच्या कुप्या पसरल्या त्यामागे हे आहे. म्हणूनच औषध पातळ करायला नळाचं, फिल्टरचं, डिस्टिल्ड, कुठलंच साधं पाणी चालत नाही. ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक सलाइनच लागतं, आणि तेही दर वेळी नवी छोटी कुपी फोडून. मोठ्या सलाइनच्या बाटलीला सुई टोचून फ्रिजमध्ये आठवडाभर वापरणं मी दोन-तीन घरांत पाहिलं आहे. ती बाटली पहिल्या टोचणीनंतर निर्जंतुक राहत नाही.

सॅल्ब्युटामॉलची ड्रॉपरवाली बाटली अजूनही मिळते. तिच्यात १ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे २.५ मिलिग्रॅमचा डोस अर्धा मिलिलिटर. डॉक्टरांनी 'अर्धा एमएल' लिहिलेलं घरी 'पाच एमएल' ऐकलं गेलं, तर औषध दहापट जातं आणि हात थरथरतात, छाती धडधडते. ती बाटली असेल तर सुई काढलेल्या १ मिलिलिटरच्या सिरिंजने मोजावं. आणि हा अर्धा मिलिलिटर नुसताच कपात घातला तर जवळजवळ काहीच बाहेर येणार नाही. साध्या कपात शेवटी सुमारे १ मिलिलिटर द्रव भिंतींना चिकटून राहतो. एकूण २ मिलिलिटर भरलं तर निम्मं औषध कपातच राहतं, ४ भरलं तर साधारण पाऊण भाग बाहेर पडतो. म्हणून बाटलीतल्या औषधात सलाइन घालून ३ ते ४ मिलिलिटर करतात. आत्याला सकाळी जोड-औषधाची अडीच मिलिलिटरची कुपी आणि बुडेसोनाइड या श्वासनलिकांची सूज कमी करणाऱ्या औषधाची २ मिलिलिटरची कुपी एकत्र सांगितली आहे. दोन्ही मिळून साडेचार होतात, तिथे सलाइन लागत नाही. या दोन कुप्या एकत्र चालतात, पण कुठल्याही दोन कुप्या चालतील असं नाही, ते डॉक्टरांना विचारावं. बुडेसोनाइड हे विरघळलेलं औषध नसून पाण्यात तरंगणारे कण असतात. कुपी हलकेच हलवून घ्यावी लागते, आणि ध्वनिलहरींनी तुषार करणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये ते नीट उडत नाही.

किती वेळ, हे घड्याळापेक्षा आवाज चांगलं सांगतो. ३-४ मिलिलिटरला साधारण दहा मिनिटं लागतात. कप फुरफुरायला लागला की बोटाने टिचकी मारून भिंतीवरचे थेंब खाली आणावेत, आणखी मिनिटभर चालवून बंद करावं. पुढे चालू ठेवलं तर मुख्यतः पाणी उडतं आणि औषध घट्ट होऊन तळाला राहतं. चार मिलिलिटर वीस मिनिटं चालूनही संपत नसेल तर बिघाड मशीनकडे शोधावा: फिल्टर काळा पडलाय, नळी सैल आहे किंवा कपाचं भोक औषधाच्या क्षारांनी बुजलंय. औषध संपलं, तरी तासाभरात पुन्हा मशीन मागावंसं वाटलं किंवा ओठ निळसर दिसले, तर दुसरी कुपी फोडत बसू नये, हॉस्पिटल गाठावं.

आता मास्क. मास्क चेहऱ्यापासून एक सेंटिमीटर दूर गेला तरी पोचणारं औषध निम्म्याच्या आसपास उतरतं. रडणाऱ्या बाळाच्या तोंडासमोर मास्क नुसता धरायची पद्धत म्हणूनच कामाची नाही. बाळ झोपलेलं किंवा मांडीवर शांत असताना लावलेला नेमका मास्क अधिक देतो. आत्याची अडचण वेगळी होती. वरचे दात नाहीत, गाल आत गेलेले, आणि ती कवळी काढून मशीन घ्यायची. आता कवळी लावून, ताठ बसून, मास्कच्या नाकावरची धातूची पट्टी दाबून घेते. आरसा समोर धरून सुनेने पाहिलं की धुकं भुवयांकडे जातंय का. महिनाभराने डॉक्टरांनी मास्कऐवजी माउथपीसच दिला. ओठ मिटून तोंडाने श्वास घेता येत असेल तर इप्राट्रोपियमसाठी तो बरा, डोळ्याचा प्रश्नच उरत नाही. मास्कने बुडेसोनाइड घेतलं तर नंतर चेहरा धुवायचा. मास्क असो वा माउथपीस, चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

स्वच्छतेचा नियम रुग्णालयांतून आला. १९६० च्या दशकात टेक्सासच्या डॅलसमधल्या डॉक्टरांनी दाखवलं की श्वासोपचाराच्या यंत्रांतल्या ओल्या भांड्यांत जंतू वाढतात आणि तुषारांबरोबर थेट फुप्फुसात जातात. तेव्हा उपाय म्हणून सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल फिरवलं गेलं. घरोघरी सांगितला जाणारा व्हिनेगरचा उपाय त्याच घराण्यातला. पण व्हिनेगर सगळ्या जंतूंना पुरत नाही. कपाच्या माहितीपत्रात उकळायला परवानगी असेल तर पाच-दहा मिनिटं उकळणं अधिक खात्रीचं.

मुंबईत खरी अडचण धुण्याची नाही, वाळवण्याची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये टॉवेलवर ठेवलेला कप संध्याकाळपर्यंत ओलाच असतो, आणि ओला कप डब्यात बंद केला की आत चिकट थर येतो. आत्याकडे आता प्रत्येक वेळी उरलेला थेंब झटकून उकळून गार केलेल्या पाण्याने कप विसळतात, रात्री साबणाच्या कोमट पाण्याने धुतात. मग कप, मास्क सुटे करून स्वच्छ कापडावर पंख्याखाली ठेवतात. नळी पाण्यात घालत नाहीत. कप न जोडता मशीन दोन मिनिटं चालवून ती आतून कोरडी करतात, आणि पावसाळ्यात हाच हवेचा झोत कपाच्या भोकातूनही एकदा फिरवतात.