वजा दोन टक्के

22 किलोवॅटच्या चार ध्रुवांच्या इंडक्शन मोटरच्या पाटीवर वेगाचा आकडा बहुधा 1470 च्या आसपास असतो. 50 हर्ट्‌झच्या विजेवर तिच्या स्टेटरमधील, म्हणजे स्थिर भागातील, चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेते आणि रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, त्याच्यामागे 30 फेऱ्यांनी रेंगाळतो. या रेंगाळण्याला स्लिप म्हणतात. ती येथे 2 टक्के भरते. रोटर क्षेत्राच्या अगदी बरोबरीने फिरू लागला, तर त्याच्यात बसवलेल्या धातूच्या दांड्यांपुरते क्षेत्र स्थिरच राहते, त्यांत प्रवाह उरत नाही आणि बलही उरत नाही.

हीच मोटर तीसपट वेग वाढवणाऱ्या गिअरबॉक्सने पवनचक्कीला जोडली, तर पाती मिनिटाला 50 फेरे घेत असताना रोटर नेमका 1500 वर असतो. वारा वाढून पाती 51 वर गेली, की रोटर 1530 वर, म्हणजे क्षेत्राच्या पुढे जातो आणि स्लिप वजा 2 टक्के होते. दांड्यांतील प्रवाह उलटतो, क्षेत्र आता रोटरला मागे खेचू लागते आणि त्या ओढाताणीत खर्ची पडलेली वाऱ्याची शक्ती ग्रिडमध्ये जाते. यंत्रातली एकही तार हललेली नसते. शून्य भारापासून पूर्ण भारापर्यंतचा सगळा प्रवास पात्यांच्या जेमतेम एका फेऱ्यात उरकतो, म्हणून वेग सांभाळायला वेगळा नियंत्रक लागत नाही. वारा पडून वेग 1500 च्या खाली आला, तर मात्र पवनचक्की ग्रिडच्या विजेवर फिरणारा एक मोठा पंखा होते. अशा वेळी उलटी वीज ओळखणाऱ्या रिलेने तिला तोडावे लागते.

या सोयीची किंमत चुंबकत्वात मोजावी लागते. रोटरला स्वतःचे चुंबक नसल्याने क्षेत्र उभे करणारा प्रवाह वीज देत असतानाही ग्रिडकडूनच घ्यावा लागतो. शेजारी बसवलेले कपॅसिटर त्यातला बराच भाग पुरवतात; पण ते गरजेपेक्षा मोठे असले, तर ग्रिड तुटल्यावरही यंत्र स्वतःच चुंबकित राहून धोकादायक व्होल्टेज निर्माण करू शकते.

खरा घात ग्रिड जाण्यानेच होतो. रोटरला मागे धरणारी ओढ क्षणात नाहीशी होते, वारा मात्र वाहतच असतो, आणि काही सेकंदांत पाती बेफाम होतात. ग्रिड असतानाही जोराच्या झोताने स्लिप एका मर्यादेपलीकडे गेली, तर वेग वाढूनही ओढ घटत जाते आणि परिणाम तोच होतो. योहानेस यूल यांनी 1957 मध्ये डेन्मार्कमधील गेडसर येथे असा जनरेटर असलेली 200 किलोवॅटची पवनचक्की उभारली, तेव्हा पात्यांची टोके वेगळी करून ठेवली होती: वेग हाताबाहेर गेला, की केंद्रोत्सारी बलाने ती टोके वळत आणि वाऱ्याला आडवी होऊन चक्कीला लगाम घालत.