टीव्हीमागे दडलेला राउटर

ठाण्याला मावसबहिणीकडे गेलो की तक्रार ठरलेली. "दादा, महागातला प्लॅन घेतला, तरी बेडरूममध्ये व्हिडिओ अडकतोच." राउटर कुठे ठेवलाय विचारलं, तर म्हणाली, "टीव्हीच्या मागे. वर ठेवला तर वायरी दिसतात रे." फोनमधल्या अॅपवर बेडरूममधला सिग्नल पाहिला. उणे ७८ डीबीएम, म्हणजे जेमतेम.

धातू सिग्नल 'खातो' असं आपण म्हणतो, पण तो खात नाही, परतवतो. पत्र्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात. रेडिओलहर आदळली की ते तिच्या तालावर हलतात आणि स्वतःची उलटी लहर सोडतात. पत्र्यापलीकडे मूळ लहर आणि ही उलटी लहर एकमेकींना खोडतात, अलीकडे ती परावर्तन म्हणून परत येते. टीव्हीच्या पाठीमागे धातूचे पत्रे असतातच, त्यामुळे पुढच्या बाजूला सावली पडते.

खरी गंमत पुढे आहे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंमी असते. अँटेना पत्र्याला समांतर आणि सेंटीमीटरभरच दूर असेल, तर परतणारी उलटी लहर मूळ लहरीला जवळजवळ तिथल्या तिथेच मारते. म्हणजे मोकळ्या बाजूलाही सिग्नल दुबळा! अंतर पाव लहर, म्हणजे ३ सेंमी केलं की त्याच दोन लहरी त्या बाजूला एकमेकींना साथ देतात. पत्र्यामागची सावली मात्र तशीच राहते.

मग लोखंडी कपाटात ठेवलेला राउटर पूर्ण मुका का होत नाही? दाराच्या फटीमुळे. अर्ध्या लहरीइतकी, म्हणजे साधारण ६ सेंमी लांबीची फट असली की लहर बाहेर पडू शकते, मग ती कितीही अरुंद असो. बारीक गोल भोकांतून फारसं काही निघत नाही. मायक्रोवेव्हच्या दारातली जाळी याच तत्त्वावर चालते.

'किरणांच्या' भीतीने राउटर कपाटात कोंडणारेही भेटतात. तो जेमतेम वॅटच्या दहाव्या भागाइतक्या शक्तीने बोलतो. फोनला चिकटवायचे 'रेडिएशनरोधक' स्टिकर खरोखर चालत असते, तर फोनची रेंजच गेली असती.

आम्ही भिंतीवरची फायबरची पेटी हलवली नाही. फायबरची पिवळी तार काचेची असते, ती घट्ट वळवली की प्रकाश गळतो. तिथून ५ मीटर लॅन केबल ओढून राउटर पॅसेजमधल्या लाकडी फळीवर, दीड मीटर उंचीवर, अँटेना उभ्या करून ठेवला. (पेटी आणि राउटर एकच असेल, तर मात्र तंत्रज्ञालाच बोलवा.) बेडरूममध्ये आता उणे ६२. फरक १६ डेसिबलचा, म्हणजे सिग्नलची शक्ती ४० पट. वेग ४० पट होत नाही, पण व्हिडिओ अडकायचा थांबला.

मेहुण्यांना मात्र तो डबा डोळ्यात खुपतोय. समोर कॅलेंडर लावू का म्हणाले. लावा, कागदच तो. आरसा नको, त्याच्या मागे धातूचा मुलामा असतो.