मामाची मुलगी, बहिरा दीर आणि 24 पैकी 1

"आमच्या दोघांच्या घराण्यात कोणी बहिरं नाही, मग बाळाला कसं काय?" कानाच्या ओपीडीत हा प्रश्न रोजचा आहे. त्याच्या मागोमाग बहुतेक वेळा सासूबाईंचं ग्रहणाबद्दलचं मत येतं, आणि सगळ्या नजरा सुनेकडे वळतात. आता यात गंमत अशी की जन्मजात बहिरेपण जेव्हा जीनमुळे येतं (आणि निम्म्याहून जास्त वेळा ते जीनमुळेच येतं) तेव्हा बहुतेक वेळा आईवडील दोघांनाही नीट ऐकू येत असतं. दोष एकट्या आईकडून आलेला नसतो, एकट्या बापाकडूनही नाही, दोघांकडून एकेक कॉपी आलेली असते.

सगळ्यात जास्त सापडणारा जीन म्हणजे जीजेबी 2, तेराव्या क्रोमोसोमवरचा. याचा बहिरेपणाशी असलेला संबंध 1997 मध्ये कळला. हा जीन कनेक्सिन 26 नावाचं प्रोटीन बनवतो, आणि हे प्रोटीन आतल्या कानातल्या शेजारशेजारच्या पेशींमध्ये बारीक वाटा तयार करतं, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला खिडकी असते ना, तसं. आवाज आला की कानातल्या केसपेशींमधे पोटॅशियम शिरतं, काम झाल्यावर ते बाहेर पडून या वाटांनी परत फिरायला लागतं, तरच पुढचा आवाज पकडता येतो. वाटच नसेल तर सगळा कारभार बिघडतो. पण प्रत्येकाकडे या जीनच्या दोन कॉप्या असतात आणि एक चांगली असली तरी काम भागतं. अशा माणसाला कॅरियर म्हणतात, त्याला ऐकायला काही त्रास नसतो आणि आयुष्यभर पत्ताही लागत नाही. भारतात या जीनमधला जो बिघाड सगळ्यात जास्त दिसतो त्याचं नाव रिपोर्टवर डब्ल्यू24एक्स असं असतं. युरोपात वेगळाच बिघाड जास्त दिसतो, म्हणून परदेशातलं जुनं किट वापरून "काही सापडलं नाही" असा रिपोर्ट आला तर तो फारसा कामाचा नाही.

आता एक केस धरून चालू, नावं नुसती सोयीसाठी. अमोलचा सख्खा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा, अमोलला स्वतःला छान ऐकू येतं. लग्न झालंय मामाच्या मुलीशी, स्वातीशी, आणि दोघांना मूल हवंय. आपल्याकडे मामाची मुलगी करणं म्हणजे काही वेगळं केलं असं कुणाला वाटतच नाही, त्यामुळे काउन्सेलर, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजारांचा धोका समजावून सांगणारे तज्ज्ञ, "नात्यातलं लग्न आहे का" असं विचारतात तेव्हा बरेच जण सरळ नाही म्हणून मोकळे होतात. म्हणून चांगला काउन्सेलर तीन पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर काढतो आणि एकेका माणसाचं नाव घेऊन विचारतो, तुमच्या आई आणि तुमचे सासरे एकमेकांचे कोण?

भावाची टेस्ट झाली आणि दोन्ही कॉप्यांवर डब्ल्यू24एक्स सापडला असं समजू. म्हणजे अमोलचे आई आणि वडील दोघंही कॅरियर. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारपैकी एक शक्यता बहिरं होण्याची, दोन कॅरियर होण्याची, एक पूर्ण मोकळं असण्याची. अमोल बहिरा नाही हे तर दिसतंच आहे, तेव्हा ती एक शक्यता बाद, उरलेल्या तिनांपैकी दोन कॅरियरच्या. म्हणजे अमोल कॅरियर असण्याची शक्यता 3 पैकी 2. स्वातीकडे बघू. अमोलच्या आईला ही खराब कॉपी आजीकडून किंवा आजोबांकडून आली, तिच्या भावाला म्हणजे मामाला ती मिळालेली असण्याची शक्यता निम्मी, आणि मामाकडून स्वातीला येण्याची त्याच्या निम्मी, म्हणजे 4 पैकी 1. दोघंही कॅरियर निघाले तर मूल बहिरं होण्याची शक्यता परत 4 पैकी 1. सगळं गुणलं की 24 पैकी 1, म्हणजे साधारण 4 टक्के.

हेच अमोलने नात्याबाहेर लग्न केलं असतं, आणि समजा त्या समाजात 40 माणसांत 1 कॅरियर आहे असं धरलं, तर उत्तर येतं 240 पैकी 1. दहा पट फरक! पण दुसरी बाजूही बघा, 24 पैकी 23 वेळा या कारणाने मूल बहिरं होणार नाही. आणि घरात असा कुठलाच आजार माहीत नसेल तर सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात जन्मजात दोषांचा धोका नेहमीच्या 2-3 टक्क्यांच्या साधारण दुप्पट होतो, त्यापेक्षा भयंकर काही नाही. मामा-भाचीच्या लग्नात मात्र सामायिक जीन्स दुप्पट असतात, त्यामुळे तिथे हिशोब अजून वर जातो.

24 पैकी 1 हा आकडा टेस्टच्या आधीचा. टेस्ट झाली की तो एकतर वर जातो नाहीतर जवळजवळ शून्य होतो. अमोल मोकळा निघाला तर या जीनचा विषय संपला. दोघंही कॅरियर निघाले तर दर गरोदरपणात 25 टक्के, आणि दर म्हणजे दर, पहिलं बहिरं झालं म्हणून पुढची तीन नीट होतील असं काही नसतं.

इथे सगळ्यात जास्त होणारी गडबड म्हणजे टेस्टची सुरुवात भलत्याच माणसापासून करणं. भावाला बाजूला ठेवून थेट स्वातीचं रक्त पाठवतात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि सगळे पेढे वाटतात. अहो पण भावाचं कारण जीजेबी 2 आहे हे कुठे ठरलंय? बहिरेपणाचे शंभराहून जास्त जीन माहीत आहेत. आधी बहिऱ्या माणसात बिघाड शोधायचा, मग नेमका तोच बिघाड बाकीच्यांत बघायचा. आणि कदाचित भावाचं कारण जीनचं नसेलच, लहानपणचा मेनिंजायटिस असेल, जन्मानंतरची जोरदार कावीळ असेल. म्हणून जुन्या फाइली शोधून आणायला सांगतात. काउन्सेलर अजून काही विचित्र वाटणारे प्रश्न विचारतात, रात्री कमी दिसतं का, पळताना किंवा दचकल्यावर कोणी बेशुद्ध पडलंय का, गळ्याला गाठ आहे का, कारण डोळे, हृदय किंवा थायरॉईडबरोबर येणारं बहिरेपण वेगळ्या जातीचं असतं आणि त्यातल्या हृदयाच्या प्रकारात वेळेवर ईसीजी काढला तर जीव वाचतो. मामाला किंवा मावशीला इंजेक्शननंतर बहिरेपण आलं होतं का हेही विचारतात, कारण जेंटामायसिनसारख्या औषधांनी कान जाण्याची एक प्रवृत्ती फक्त आईकडून उतरते.

याच हिशोबाची दुसरी बाजू म्हणजे जेव्हा नवरा-बायको दोघंही बहिरे असतात, जे खूप कॉमन आहे, एकाच शाळेतली ओळख, एकच साइन लँग्वेज. दोघांच्याही दोन्ही जीजेबी 2 कॉप्या खराब असतील तर सगळी मुलं बहिरी होणार. एकाचा जीजेबी 2 आणि दुसऱ्याचा वेगळाच रिसेसिव्ह जीन, म्हणजे दोन्ही कॉप्या खराब असतील तरच त्रास देणारा जीन, असेल तर सगळ्या मुलांना नीट ऐकू येणार, फक्त ती दोन्हीकडची कॅरियर असतील. लोकांना हे खरंच वाटत नाही, पण गणित सोपं आहे, दोन्ही जीनची एकेक चांगली कॉपी मुलाला मिळतेच. अशा काही जोडप्यांना बहिरं मूल म्हणजे संकट वाटत नाही, त्यांना फक्त तयारी करायची असते. त्यांना काय वाटावं हे काउन्सेलरने ठरवायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे, नातेवाइकांनी तर नाहीच.

अमोल-स्वातीसारखे जोडपे दोघंही कॅरियर निघाले तर गरोदरपणात अकराव्या आठवड्यानंतर वारेचा बारीक तुकडा घेऊन टेस्ट करता येते, मुलगा की मुलगी हे त्यात कायद्याने सांगत नाहीत. बरीच जोडपी ते न करता जन्मानंतरची तयारी करतात: पहिल्या महिन्यात कानाची स्क्रीनिंग, शंका असेल तर तीन महिन्यांच्या आत बेरा टेस्ट, म्हणजे आवाजाचा सिग्नल कानातून मेंदूकडे पोचतो का हे बघणारी तपासणी, सहा महिन्यांच्या आत कानाचं मशीन आणि थेरपी. जीजेबी 2 मध्ये ऐकण्याची नस सहसा शाबूत असते, त्यामुळे पुढे कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र, करायचं ठरलं तर त्याचा चांगला उपयोग होतो. पण ही सगळी चौकशी दिवस राहिल्यावर सुरू केली तर भावाचा रिपोर्ट यायलाच काही आठवडे जातात, तोवर वारेच्या टेस्टची वेळ निघून जाऊ शकते.